२४ फ्रेमचा व्हिडिओ चौपट संथ करताना कडा का फाटतात, आणि त्यावर काय करावे

भिंतीसमोरून एक सायकलस्वार डावीकडून उजवीकडे जातो. कॅमेरा तिपाईवर स्थिर आहे, चित्रण सेकंदाला २४ फ्रेमचे, १९२० पिक्सेल रुंदीचे. तो दोन सेकंदांत पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचतो, म्हणजे दर फ्रेमला ४० पिक्सेल सरकतो. ही क्लिप चौपट संथ करायची तर प्रत्येक दोन खऱ्या फ्रेममध्ये तीन नव्या फ्रेम घालाव्या लागतात. नुसता वेग २५ टक्क्यांवर आणला, तर एकच फ्रेम चार वेळा दिसते आणि सायकल धक्के खात चालते. नव्या फ्रेम बनवण्यासाठी सॉफ्टवेअर आधी प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला ते शोधते आणि मग त्याला वाटेत कुठेतरी ठेवते.

पहिली पायरी: फाइल खरोखर २४ फ्रेमची आहे का ते बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर सॉफ्टवेअरला दोष देतात. क्लिप एडिटरमध्ये उघडा आणि बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. सायकल प्रत्येक वेळी सरकली पाहिजे. दर पाचवी फ्रेम आधीच्या फ्रेमची नक्कल असेल, तर मूळ २४ फ्रेमचे चित्रण ३० च्या फाइलमध्ये भरलेले आहे. नकलेत हालचाल शून्य असते, त्यामुळे संथ केलेली सायकल सरकते, थांबते, पुन्हा सरकते. ffmpeg या कमांडने चालणाऱ्या फुकट प्रोग्राममधला `decimate` फिल्टर दर पाचांतली ही एक नक्कल काढून टाकतो.

हव्या तेवढ्याच शॉटचा तुकडा कापून घ्या. मध्ये कट राहिला, तर सॉफ्टवेअर एका दृश्याचे दुसऱ्यात वितळणे तयार करू शकते.

दुसरी पायरी: नव्या फ्रेम तयार करा

DaVinci Resolve मध्ये क्लिपचा वेग २५ टक्के करा. Inspector मधल्या Retime and Scaling मध्ये Retime Process ला Optical Flow आणि Motion Estimation ला Enhanced Better निवडा. Speed Warp पुष्कळदा अधिक स्वच्छ निकाल देतो, पण तो विकतच्या Studio आवृत्तीतच मिळतो. फुकटात आणि कमांडने करायचे असेल तर:

```
ffmpeg -i cycle.mp4 -an -vf "setpts=4*PTS,minterpolate=fps=24:mi_mode=mci:mc_mode=aobmc:me_mode=bidir:vsbmc=1" -crf 16 slow.mp4
```

`setpts` क्लिप ताणतो, `minterpolate` रिकाम्या जागा भरतो, आणि `-an` आवाज काढून टाकतो, कारण तो आता जुळणारच नाही. हा फिल्टर बराच मंद आहे, तेव्हा आधी दोन-तीन सेकंदांवर करून बघा.

तिसरी पायरी: कडा तपासा

निकाल २०० टक्के मोठा करून फ्रेमवार बघा. दर चौथी फ्रेम खरी, मधल्या तीन बनावट. खऱ्या फ्रेममध्ये पाठीची कड स्वच्छ आणि मधल्या फ्रेममध्ये तिच्यामागे भिंतीचा पट्टा ताणल्यासारखा दिसत असेल, तर हाच तो दोष.

त्याचे कारण सेटिंगमध्ये नाही, चित्रणातच आहे. अगदी मधली फ्रेम घ्या. तिथे स्वार २० पिक्सेल पुढे आलेला असायला हवा. त्याच्या पाठीमागे भिंतीचा २० पिक्सेलांचा पट्टा नुकताच उघडा पडला आहे. आधीच्या फ्रेममध्ये तो पट्टा त्याच्या अंगाआड होता, फक्त पुढच्या फ्रेममध्ये दिसतो. त्याच्या छातीपुढे नेमके उलट: तिथली भिंत आधीच्या फ्रेममध्ये दिसते आणि पुढच्या फ्रेममध्ये झाकली जाते. म्हणजे या दोन पट्ट्यांना जोडीदारच नाही. हुशार पद्धत मागचा पट्टा फक्त पुढच्या फ्रेममधून आणि पुढचा फक्त आधीच्या फ्रेममधून उचलते. साधी पद्धत दोन्ही फ्रेम निम्म्या-निम्म्या मिसळते आणि कडेला अर्धपारदर्शक भूत उमटते. किंवा जोडीदार सापडला नाही म्हणून शेजारच्या ठिपक्यांची गती त्या भिंतीलाही लावते. मग भिंत सायकलच्या मागे ओढली जाते.

त्यात दुसरी भर पडते. २४ फ्रेमला शटर साधारण १/४८ सेकंद ठेवतात. तेवढ्या वेळात स्वार २० पिक्सेल सरकतो, म्हणून त्याची कड २० पिक्सेल रुंद धूसर असते. त्या धुक्यातला प्रत्येक ठिपका थोडा सदऱ्याचा आणि थोडा भिंतीचा. सदरा पुढे जातोय, भिंत जागेवर आहे, आणि सॉफ्टवेअर एका ठिपक्याला एकच गती देते. कुठलीही दिली तरी निम्मी चूकच.

चौथी पायरी: दुरुस्ती

कॅमेरा स्थिर असेल तर उपाय सोपा आणि जवळजवळ हमखास आहे. सायकल नसलेली एक फ्रेम त्याच क्लिपमधून घ्या आणि टाइमलाइनवर खालच्या ट्रॅकवर ठेवा. वरच्या ट्रॅकवर संथ क्लिप. तिच्यावर स्वाराभोवती घट्ट मास्क काढा, कडेला ३-४ पिक्सेलची मऊ झालर द्या आणि मास्क त्याच्याबरोबर हलवा. मास्कबाहेर आता खरी भिंत आहे, त्यामुळे ओढलेला पट्टा उरतच नाही. जमिनीवरची सावली मास्कमध्ये घ्यायला विसरू नका, नाहीतर सायकल तरंगते. खालची फ्रेम पूर्ण गोठलेली असल्याने झाडाचे पान हलत असेल तर तेवढा भाग मास्कमध्ये घ्या.

कॅमेरा हातात असेल तर हा उपाय चालत नाही. तिथे चौपटीचा हट्ट सोडून दुपटीवर थांबावे. तेव्हा निम्म्या फ्रेम खऱ्या असतात आणि सलग तीन बनावट फ्रेम डोळ्यापुढे येत नाहीत.

चित्रण पुन्हा करता येणार असेल तर उन्हात शटर १/२०० ठेवा. कडेचे धुके २० वरून सुमारे ५ पिक्सेलांवर येते. ट्यूबलाइटखाली मात्र तसे करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/२०० ला प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येतो, आणि ठिपके जुळवताना सॉफ्टवेअर उजेड सारखाच राहिला असे गृहीत धरते. तिथे १/१०० किंवा १/५० बरे.

चाक

कडा सुधारल्या तरी चाक खटकेल. स्वाराचा वेग सेकंदाला ४ मीटर आणि चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर एका फ्रेममध्ये चाक साधारण २८.५ अंश फिरते. ३६ स्पोकच्या चाकात स्पोक सरासरी दर १० अंशांवर येतो. म्हणजे स्पोक जवळपास तीन घरे पुढे जातो आणि पुढच्या तिसऱ्या स्पोकच्या जागेपासून जेमतेम दीड अंश मागे राहतो. सगळे स्पोक दिसायला सारखेच, तेव्हा सॉफ्टवेअर जवळची जोडी धरते आणि चाक दीड अंश उलटे फिरले असे ठरवते. सायकल पुढे, चाक हळूच मागे. यावर कुठलेही सेटिंग नाही, कारण खरी गती दोन फ्रेमच्या मध्ये हरवलेली आहे. चौकट गुडघ्याच्या वर कापा, नाहीतर फोनवर २४० फ्रेमने पुन्हा चित्रण करा: ते २४ वर दहापट संथ होते आणि एकही फ्रेम बनवावी लागत नाही.