थंडीच्या ट्रेकची खरेदी: जीएसएम कशाचा, ते आधी विचारा

डिसेंबरात केदारकंठाला निघणाऱ्यांसाठी. बूट, टॉर्च, औषधं सगळ्यांच्या यादीत असतातच, त्यावर मी वेळ घालवत नाही. कपड्यांच्या आणि सॅकच्या लेबलावर जे दोन आकडे असतात ते मात्र समजून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. डेनियर कापडाचा नसतोच, तो धाग्याचा. ९,००० मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितका त्याचा डेनियर. कापड किती भारी ते पहिला आकडा सांगतो, धागा किती जाड ते दुसरा. ऊब यातला कुठलाच आकडा थेट सांगत नाही, कारण ऊब धरून ठेवते ती कापडात अडकलेली हवा. २०० जीएसएमचा सुती टी-शर्ट आणि २०० जीएसएमचं फ्लीस, चौरस मीटरमागे वजन सारखंच. पहाटे तंबूबाहेर दोन्ही आलटूनपालटून घालून बघा.

तेव्हा जीएसएमची तुलना एकाच जातीच्या कापडात करायची. फ्लीसमध्ये साधारण १०० चालताना, २०० बहुतेकांना पुरेसं, ३०० मुक्कामाच्या जागी बसून राहायला. घरातलं जुनं फ्लीस नेणार असाल तर आधी मुठीत दाबून सोडा. लव चपटीच राहिली, गोळे आले असतील, तर जीएसएम जवळपास तोच असला तरी ऊब गेलेली आहे. आणि साधं फ्लीस वारा अडवत नाही, वरून काहीतरी हवंच.

आता ते ‘वरून काहीतरी’, म्हणजे भरावाचं जाकीट. इथे दुकानदाराला एकच प्रश्न: जीएसएम कशाचा? गेल्या खेपेला मी हे विचारलं नाही आणि कॅम्पवर रात्रभर कुडकुडलो. हिशेब बघा. एका जाकिटावर ‘१५०’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘१००’. पहिल्याचं बाहेरचं कापड ४५, अस्तर ४५ आणि आतला भराव ६०, अशी ती बेरीज. दुसऱ्यावरचे १०० नुसत्या भरावाचे. भराव एकाच प्रकारचा असेल तर शंभरवालं जास्त ऊबदार, आणि दीडशेवालं घेऊन तुम्ही पैसे मोजले ते कापडाच्या वजनाचे. म्हणून पुन्हा सांगतो, जीएसएम कशाचा? कापडाचा, भरावाचा, की सगळ्याचा मिळून? ‘साहेब, एकदम हेवी आहे’ हे उत्तर नव्हे. उत्तर मिळत नसेल तर दुसरं दुकान गाठा. काही जाकिटांत भराव छातीला जास्त आणि बाह्यांना कमी असतो, तेही त्याच दमात विचारून घ्या.

आकड्यावर विश्वास नसेल तर वजन करा. समजा फ्लीसचं ब्लँकेट दीड मीटर बाय दोन मीटर, म्हणजे तीन चौरस मीटर. लेबलावर ३०० असेल तर काट्यावर ९०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. ७२० भरलं तर ते २४० जीएसएमचं. दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू नका. तो काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला की उत्तर ५० जीएसएमने चुकतं. थानातून कापड घेत असाल तर दुकानदार कधीकधी मीटरमागे वजन सांगतो, त्यात पन्हा धरलेला असतो. ५८ इंची पन्ह्याचं मीटरभर कापड २५० ग्रॅम भरलं, तर जीएसएम साधारण १७०. अडीचशे नव्हे.

सॅकसाठी डेनियर बघायचा, पण सूत कुठलं तेही. ६०० डेनियरचं पॉलिस्टर हे ४२० डेनियरच्या नायलॉनपेक्षा मजबूत असेलच असं नाही. घासण्याला नायलॉन सहसा जास्त टिकतं. वीण विरळ असली तर जाड धाग्याचाही उपयोग नाही. अंगाला २१० आणि तळाला ४२० असेल तर चालेल, कारण दगडावर आपटतो तो तळ. लेबलावरचा आकडा तळाचा की अंगाचा, हे विचारा. प्रश्न तोच, कशाचा? जास्त डेनियर म्हणजे पाणी आत येणार नाही, असंही नाही. ते काम आतल्या लेपाचं आणि शिवणीवरच्या पट्टीचं. लेप पापुद्र्यासारखा सुटत असेल तर सॅक तिथेच ठेवून द्या.

जाकिटाचं बाहेरचं कापड २० डेनियरचं असेल तर हलकं असतं, पण काट्याकुट्यात फाटतं, शेकोटीची ठिणगी पडली की भोक. ४० घेतलंत तर थोडं निर्धास्त.

मोजे, हातमोजे, माकडटोपी: हे आकडे बघत बसू नका, घालून बघा. रेनकोट: शिवणी बघा. आणि जाकिटाची पावती जपून ठेवा, भरावाचा जीएसएम तिच्यावर लिहून घेऊन.