मराठीच्या जागी चौकोन की प्रश्नचिन्हं? फॉन्ट बदलण्याआधी या चुका टाळा

एका शाळेच्या कार्यालयातून फोन आला. क्रीडा स्पर्धांची प्रमाणपत्रं संगणकावरून काढायची होती, आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर मुलाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येत होती. "सर, मी सकाळपासून सगळे फॉन्ट लावून बघितले," लिपिक बाई म्हणाल्या. "मंगल लावला, निर्मला लावला, काही फरक नाही."

फरक पडणार नव्हताच, कारण फॉन्टचा तिथे काही संबंध नव्हता. मराठी बिघडलेली दिसली की आपण आधी फॉन्टच्या यादीत जातो. पण चौकोन आणि प्रश्नचिन्ह ही दोन वेगळ्या दुखण्यांची लक्षणं आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये 'म' चा क्रमांक U+092E. हा क्रमांक फाइलमध्ये कसा लिहायचा, ते एन्कोडिंग ठरवतं. त्या क्रमांकाचं चित्र पडद्यावर कसं काढायचं, ते फॉन्ट ठरवतो. क्रमांक शाबूत आहे पण वापरात असलेल्या फॉन्टकडे त्याचं चित्र नाही, तेव्हा चौकोन दिसतो. म्हणजे मजकूर सुरक्षित आहे. प्रश्नचिन्हाचं तसं नाही. मराठी अक्षरं ज्यात मावतच नाहीत अशा जुन्या एन्कोडिंगमध्ये मजकूर लिहिला गेला, की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं `?` लिहून टाकतं. मूळ क्रमांक पुसला जातो. मग जगातला कोणताही फॉन्ट लावा, प्रश्नचिन्ह हे प्रश्नचिन्हच राहणार.

नक्की काय झालंय ते ओळखायला अर्धा मिनिट लागतो. बिघडलेला शब्द कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवा. तिथे नीट मराठी उमटली तर दोष फॉन्टचा. तिथेही `?` च आलं तर तुम्ही कॉपी केलेला मजकूरच प्रश्नचिन्हांचा आहे.

शाळेच्या यादीत एका मुलाचं नाव ज्ञानेश्वर होतं. प्रमाणपत्रावर त्याच्या जागी मोजून दहा प्रश्नचिन्हं होती. आपल्या डोळ्याला अक्षरं चारच दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. पण युनिकोडमध्ये ती ज, ्, ञ, ा, न, े, श, ्, व, र अशी दहा असतात. दहाच्या जागी दहा प्रश्नचिन्हं, म्हणजे कुठेतरी एकेक क्रमांक पुसून त्या जागी एकेक `?` बसवलं गेलं होतं.

ते कुठे झालं हे विचारल्यावर लगेच कळलं. बाईंनी यादी एक्सेलमध्ये व्यवस्थित युनिकोडमध्ये टंकली होती. प्रमाणपत्रं काढणारी प्रणाली सीएसव्ही फाइल मागत होती, म्हणून त्यांनी सेव्ह ॲज करून `CSV (Comma delimited)` हा पर्याय निवडला. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती अगदी सहज होते. हा पर्याय फाइल विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये लिहितो. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ते Windows-1252 असतं. त्यात जास्तीत जास्त २५६ चिन्हांची सोय आणि देवनागरीचं एकही नाही. हवा असतो तो यादीतला दुसरा पर्याय: `CSV UTF-8 (Comma delimited)`.

ही चूक लक्षात येत नाही याचं कारण असं, की सेव्ह केल्यावरही एक्सेलच्या उघड्या खिडकीत मराठी नीटच दिसत राहते. ती संगणकाच्या स्मृतीतली प्रत असते. डिस्कवरची फाइल तेवढ्यात प्रश्नचिन्हांची झालेली असते. खिडकी बंद करून फाइल पुन्हा उघडली की कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून प्रश्नचिन्हं दिसली आणि एक्सेलची मूळ खिडकी अजून उघडी असेल, तर ती बंद करू नका. तिथूनच पुन्हा `.xlsx` म्हणून सेव्ह करा.

बाईंनी खिडकी बंद केली होती, आणि "एकाच यादीच्या दोन फाइली कशाला" म्हणून मूळ `.xlsx` काढूनही टाकली होती. नशिबाने ती रिसायकल बिनमध्ये सापडली. तिथे नसेल तर पाठवलेल्या ईमेलची जोडपत्रं बघावीत, पेन ड्राइव्ह बघावा. प्रश्नचिन्हांवरून नावं परत काढून देणारं साधन नाही, म्हणून वेळ घालवायचा तो जुनी प्रत शोधण्यात.

मूळ यादी `CSV UTF-8` मध्ये जतन करून पुन्हा चढवली, आणि पाचच मिनिटांत बाईंचा फोन: "सर, आता तर अजूनच बिघडलं. सगळे चौकोनच चौकोन आलेत!"

बिघडलं नव्हतं, सुधारलं होतं. चौकोन आले म्हणजे नावं प्रणालीपर्यंत शाबूत पोचली. आता फक्त ती काढून दाखवणारा फॉन्ट नव्हता. या टप्प्यावर घाबरून परत जुन्या फाइलकडे वळणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका.

इथे आणखी एक गैरसमज असतो. बाईंच्या संगणकावर मराठी फॉन्ट भरपूर होते, पण प्रमाणपत्राची पीडीएफ त्यांच्या संगणकावर बनतच नव्हती, दूरच्या लिनक्स सर्व्हरवर बनत होती. फॉन्ट लागतो तो जिथे अक्षर काढलं जातं तिथे. विंडोज ८ पासून निर्मला यूआय सोबतच येतो, त्यामुळे साध्या वेबपानावर हल्ली चौकोन क्वचित दिसतात. ब्राउझर स्वतःच दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर आणतो. सर्व्हरवर बनणाऱ्या पावत्या, प्रमाणपत्रं, चित्रं यांना मात्र ही सोय बहुतेकदा नसते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ही आज्ञा चालवायला सांगा:

```
fc-list :lang=mr
```

उत्तर रिकामं आलं तर त्या यंत्रावर मराठी दाखवू शकणारा एकही फॉन्ट नाही. उबुंटू किंवा डेबियनवर `fonts-noto-core` हा संच बसवला की नोटो सान्स देवनागरी येतो.

शाळेच्या प्रणालीत फॉन्ट घातला आणि अक्षरं उमटली. पण ज्ञानेश्वर "ज्‌ञानेश्‌वर" असा फुटून आला, आणि 'शिंदे' मधली वेलांटी श च्या आधी यायची ती नंतर पडली. हा ना फॉन्टचा दोष, ना एन्कोडिंगचा. जोडाक्षर घडवणं आणि वेलांटी आधी नेऊन बसवणं हे काम अक्षरं मांडणारा भाग करतो, आणि पीडीएफ बनवणाऱ्या काही साध्या लायब्ररींमध्ये तो देवनागरीसाठी नसतोच. त्या फॉन्टमधलं एकेक चित्र क्रमाने चिकटवत जातात. तिथे दहा फॉन्ट बदलून उपयोग नाही. पान एचटीएमएलमध्ये तयार करून सर्व्हरवरच्या क्रोमकडून पीडीएफ काढून घेतली, की नावं जुळून आली.

या शाळेत आलं नाही, पण नेहमी दिसणारं तिसरं लक्षण म्हणजे `à¤®à¤°à¤¾` असली अक्षरं. गूगल शीट्समधून उतरवलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडली की हे हमखास होतं. 'म' यूटीएफ-८ मध्ये E0 A4 AE अशा तीन बाइटचा असतो. एक्सेल त्या तीन बाइटना Windows-1252 ची तीन वेगळी अक्षरं समजतं: à, ¤ आणि ®. फाइल अजून धडधाकट असते. म्हणून तिथे काहीही सेव्ह न करता बाहेर पडा, एक्सेलची कोरी फाइल उघडा, `Data` मधून `From Text/CSV` घ्या आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा. त्या कचऱ्यावरच सेव्ह केलंत तर नंतर उलटं रूपांतर करता येतं, पण हलन्त दगा देतो. त्याची शेवटची बाइट 8D आहे, आणि Windows-1252 मध्ये त्या जागी कुठलंच अक्षर नेमलेलं नाही. वाटेत ती गळाली की सगळी जोडाक्षरं मोडतात.

संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं असतील तर तिथेही आधी निदान करा. मायएसक्यूएलमध्ये नाव आणि त्याच्या बाइट शेजारी शेजारी बघता येतात:

```sql
SELECT nav, HEX(nav) FROM vidyarthi LIMIT 5;
```

दुसऱ्या रकान्यात `3F3F3F` अशी रांग असेल तर साठवलेलंच `?` आहे, जुना बॅकअप शोधा. `E0A4` किंवा `E0A5` पुन्हा पुन्हा येत असेल तर मजकूर ठीक आहे आणि फक्त जोडणीचं एन्कोडिंग चुकलंय. ते `utf8mb4` करा. आवृत्ती ८.० च्या आधी मायएसक्यूएल मुळात `latin1` धरून चालायचं. त्या काळातल्या कोष्टकांमध्ये हे दुखणं बरंच आढळतं.

आणि जुन्या याद्यांमध्ये 'मराठी' च्या जागी `ejkBh` असं दिसलं तर तो कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टचा मजकूर आहे. त्यात मराठीचा क्रमांक कधीच नव्हता, इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप चढवलेलं होतं. अशा ओळी निवडून मंगल लावू नका. ज्या फॉन्टमध्ये त्या टंकल्या, त्या फॉन्टसाठीचाच परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा आणि मग यादीत मिसळा. शाळेच्या यादीत अशा सात ओळी निघाल्या, त्या बाईंनी सरळ हाताने पुन्हा टंकल्या. सात ओळींसाठी तेच बरं.

शेवटी एक बारीकसा डाग उरला. मुख्याध्यापकांना शीर्षकासाठी एक जुना नक्षीदार फॉन्ट हवा होता, आणि त्यात "ॲथलेटिक्स" मधला फक्त 'ॲ' निराळ्या वळणाचा, बारीक दिसत होता. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, U+0972 या क्रमांकावर. त्याआधी घडवलेल्या फॉन्टमध्ये ते असतच नाही. क्रोमने ते नोटोमधून उसनं आणलं होतं. ज्या सॉफ्टवेअरना अशी उसनवारी येत नाही, तिथे नीट मराठीच्या मधोमध एकच चौकोन दिसतो, तो बऱ्याचदा याच अक्षराचा. शीर्षकाला मुक्त हा फॉन्ट लावला आणि प्रमाणपत्रं छापायला गेली.