प्रमोशनच्या पॅनेलसमोर काय मांडाल?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझरवरून असिस्टंट मॅनेजर व्हायचंय? मग पहिल्या स्लाइडवर आपली कामगिरी नको, वरच्या पदाच्या जबाबदाऱ्या लिहा. समजा, ब्लो-होलमुळे होणारं रिजेक्शन तुम्ही ६ टक्क्यांवरून ४ वर आणलं. ‘मी वाळूतला ओलावा रोज तपासला’ एवढंच सांगितलंत, तर पॅनेलला चांगला सुपरवायझर दिसतो, आणि तो तर त्यांच्याकडे आहेच. त्याऐवजी दाखवा: तपासणीची पद्धत लिहून काढली, बाकीच्या शिफ्टना शिकवली, मेंटेनन्सकडून मिक्सरची दुरुस्ती करवून घेतली, आणि तुम्ही रजेवर असतानाही आकडा ४ वरच राहिला. बजेट हाताळलं नसेल तर तसं सरळ सांगा; ओढूनताणून जोडलेला दाखला पहिल्याच प्रश्नात उघडा पडतो.