तिकीट कॅन्सल केल्यावर रिफंड बरोबर आलाय का, असं तपासा

कार्डातून गेलेल्या पूर्ण रकमेवर टक्के लावू नका, गडबड बहुतेक तिथेच होते. समजा दोघांचं भाडं प्रत्येकी 600, वर बुकिंग फी 30, म्हणजे गेले 1230. कॅन्सल केलं तेव्हाचा स्लॅब 25 टक्क्यांचा, पण नियमात खाली लिहिलेलं असतं की प्रत्येक प्रवाशामागे किमान कपात 180. आता 600 चे 25 टक्के 150 होतात, ते 180 पेक्षा कमी, म्हणून दोघांचे 360 कापले जाणार आणि बुकिंग फी सहसा परत मिळतच नाही, म्हणजे यायला हवेत 840. 1230 वर 25 टक्के धरले तर 922 ची आशा लावून बसाल.

स्लॅब मात्र नीट बघा, कॅन्सलेशनच्या मेसेजमधली वेळ आणि सुटायची वेळ यातले तास मोजा. बसला कधीकधी पहिल्या स्टॉपवरून सुटायची वेळ धरतात, तुमच्या पिकअपची नाही, त्यामुळे स्लॅब बदलू शकतो. हिशोब जुळत नसेल तर कपातीचा तपशील लेखी मागा, आणि रिफंड केला म्हणतात पण खात्यात दिसत नाही तर रिफंडचा रेफरन्स नंबर घेऊन बँकेत विचारा.