बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा

टीपीआर चार्टवर श्वासाच्या रकान्यात एकाखाली एक २०, २०, २० दिसले की मला कळतं, कुणीही श्वास मोजलेला नाही. ताप, नाडी, बीपी नीट घेतात आणि श्वास नजरेच्या अंदाजाने लिहून टाकतात.

मोठ्या माणसाचं सोपं आहे. नाडी झाली की बोटं मनगटावरच ठेवा, त्याचा हात छातीवर आडवा असू द्या, आणि काही न सांगता छातीकडे पाहत मोजा. "तुमचा श्वास मोजते" म्हटलं की माणूस नकळत श्वास बदलतो. छाती वर आणि खाली मिळून एक. शांत पडलेल्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० यायला हवेत.

खरी अडचण बाळांची. परवा दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी चार्ट घेऊन आली. आठ महिन्यांचं बाळ, दोन दिवस खोकला आणि ताप.

"सिस्टर, ४४ आहे. नॉर्मल लिहू?"

"कितीचा मोजलास?"

"पंधरा सेकंदांत अकरा आले. चारने गुणले."

"एक श्वास चुकला तर उत्तरात चार चुकतात. आणि बाळ एका लयीत श्वास घेतच नाही. जरा वेळ भराभर घेतं, मग सावकाश. तुझ्या पंधरा सेकंदांत नेमका सावकाश तुकडा आला असेल तर? चल, परत मोजू."

आम्ही गेलो तेव्हा बाळ रडत होतं. रडताना किंवा दूध ओढताना घेतलेला आकडा मी धरत नाही. आईच्या मांडीवर ते शांत झालं, मग आईलाच झबलं वर करायला सांगितलं. आपण हात लावला की पुन्हा रडणं सुरू. झबलं वर केल्यावर थोडं थांबायचं, बाळ पुन्हा स्थिर होऊ द्यायचं.

आता पाहायचं पोटाकडे. तान्ह्या बाळाचा श्वास पोटाने चालतो, छाती फारशी हलत नाही. मी शिकत असताना इथेच अडायचे. नजर पोटावरून घड्याळावर गेली की मधले दोन श्वास निसटायचे, आणि मी मनाने भरून टाकायचे. तसं कधीच करू नका. मोजणी तुटली तर पहिल्यापासून सुरू करा. घड्याळ पोटाच्या अगदी शेजारी, एकाच नजरेत येईल असं धरा. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या कुणाला "सुरू" आणि "थांब" म्हणायला सांगा, आणि तुम्ही पोटावरून नजर हलवू नका. पोट वर आलं की एक; खाली जाताना मोजायचं नाही, नाहीतर आकडा दुप्पट होतो.

मी घड्याळ पाहिलं, तिने मोजलं. दर पंधरा सेकंदांत किती आले ते मी कागदावर लिहीत गेले: ११, १५, १४, १३. एकूण ५३.

"सिस्टर, पहिले पंधरा सेकंद तर मघासारखेच!"

"म्हणूनच पूर्ण मिनिट."

"मग ५३ जास्त आहे का? नवजात बाळाला तर ६० पर्यंत चालतं ना?"

"त्याला चालतं, याला नाही. नवजात शांत असताना ३० ते ६०. पण खोकला किंवा दम असलेल्या बाळात जागतिक आरोग्य संघटनेची रेघ वयाप्रमाणे खाली येते. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० आल्यावर पुन्हा एकदा मोजायचं."

त्यापुढे शाळकरी मुलांत साधारण १८ ते ३०, आणि किशोरवयात मोठ्या माणसाइतके. पुस्तकागणिक हे आकडे थोडे मागेपुढे असतात.

"आणि बाळ मध्येच थांबलं तर?"

"नवजात पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होतं, तेव्हाही घड्याळ चालूच ठेवायचं. पण वीस सेकंद थांबलं, किंवा त्याआधीच निळं पडलं, तर मोजत बसायचं नाही. हाक मारायची आणि बाळाला उत्तेजना द्यायची."

मोजून झाल्यावर झबलं लगेच खाली करू नका. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, ते पाहा. या बाळाचा किंचित जात होता, आणि पंधरा सेकंदांच्या घाईत ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. तिने ४४ खोडून ५३ लिहिलं, शेजारी "शांत, आईच्या मांडीवर, छाती आत ओढली जाते, ताप आहे" अशी नोंद केली, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. मी तोवर बाळाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला.