जुनी व्हीएचएस स्थिर करताना या चुका टाळा: आधी बघा, हात हलतोय की टेप

ठाण्यात नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तिच्यावर एक छोटा माहितीपट करायचं ठरलं. तळमजल्यावरच्या काकांनी कपाटातून एक व्हीएचएस कॅसेट काढून दिली. मासुंदा तलावावरचं आमच्या गणपतीचं विसर्जन. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानेच छापलेली तारीख होती, 29 9 93. ती रात्र सरता सरता, म्हणजे 30 सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. त्यामुळे हे चित्रण आम्हाला हवंच होतं. अडचण एवढीच की काका मिरवणुकीत नाचत नाचत शूट करत होते.

मी काय केलं, तर स्वस्तातल्या यूएसबी डोंगलने कॅप्चर केलं आणि फाइल थेट थरथर काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे स्टॅबिलायझरमध्ये, टाकली. आलेलं चित्र जेलीसारखं लिबलिबत होतं. हलत्या माणसांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटल्या होत्या आणि खालचा फाटका पट्टा वरखाली तरंगत होता. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे, मी एवढं पण हलवलं नव्हतं रे!" बरोबर होतं त्यांचं. त्यांच्या हलण्यात मी माझी भर घातली होती.

पहिली चूक: दोन वेगळी हलणी एकच समजणं

टेपवरच्या चित्रात दोन प्रकारची थरथर असते. एक कॅमेरा धरलेल्या हाताची. दुसरी टेपची: टेप ताणली गेलेली असते, व्हीसीआरची चाल किंचित कमीजास्त होते, त्यामुळे प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा थोडी उशिरा सुरू होते. स्टॅबिलायझर पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्यावर तो चालवला तर एकेक ओळ वेगळी सरकलेल्या चित्राला तो एकसंध धरून ढकलतो, आणि त्याचीच जेली होते.

ओळखायची खूण सोपी आहे. फ्रेमच्या अगदी डाव्या कडेची बारीक काळी पट्टी मोठी करून बघा. हात कितीही हलला तरी ही कड हलत नाही, कारण ती कॅमेऱ्यासमोरच्या दृश्याचा भागच नाही. कड सापासारखी वळवळत असेल, तर दोष टेपचा किंवा मशीनचा. कड सरळ आणि आतलं दृश्य नाचतंय, तर दोष हाताचा. आमच्याकडे दोन्ही होतं. विजेचा खांब आणि काळी कड एकाच लयीत वळवळत होते.

टेपची वळवळ कॅप्चर करतानाच मोडावी लागते. फाइल झाल्यावर ओळींची मूळ वेळ हरवलेली असते आणि मग हातात फारसं काही उरत नाही. टीबीसी, म्हणजे टाइम बेस करेक्टर, असलेला व्हीसीआर प्रत्येक ओळ थोडी थांबवून ठरल्या वेळी पुढे सोडतो. जुन्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे असे डेक अजून सापडतात. आम्हाला एक भाड्याने मिळाला. पिवळ्या पिनेऐवजी एस-व्हिडिओ केबल लावली आणि कड सरळ झाली. कॅप्चर एफएफव्ही1 मध्ये ठेवा, त्यात चित्रातलं काहीच गमावत नाही. एमपी4 मध्ये घट्ट दाबलेल्या फाइलचे चौकोन पुढच्या प्रत्येक पायरीत उठून दिसतात.

(टेप मशीनमध्ये घालण्याआधी खिडकीतून रिळाची कड बघा. ठाण्याच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी हमखास धरते. ती दिसली तर टेप चालवू नका. मशीनचे हेड घाण होतात आणि पुढची चांगली टेपही खराब होते.)

दुसरी चूक: इंटरलेस्ड फाइल तशीच स्थिर करणं

आपल्याकडची टेप पाल पद्धतीची असते. सेकंदाला 25 फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोघांच्या वेळेत 1/50 सेकंदाचं अंतर. स्टॅबिलायझरने अशी फ्रेम एका ओळीने जरी खाली सरकवली, तरी दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींच्या जागी जातात. कंगवा चित्रात कायमचा बसतो.

म्हणून आधी फील्ड सुटी करून सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम करायच्या, मग कडा कापायच्या, आणि त्यानंतरच स्थिर करायचं. कडा आधी कापायचं कारण असं की काळी पट्टी आणि तळाचा फाटका पट्टा (हेड बदलताना पडतो, जुन्या टीव्हीच्या चौकटीत तो झाकला जायचा) कधीच हलत नाहीत. स्टॅबिलायझर त्यांनाच खुंटा समजतो आणि चित्र हलतच नाही असं मानतो.

एफएफएमपेगमध्ये हे दोन फेऱ्यांत होतं. पहिली फेरी हालचाल मोजते:

```
ffmpeg -i shot03.mkv -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=704:560:8:4,vidstabdetect=shakiness=5:result=s03.trf" -f null -
```

दुसरी ती काढते:

```
ffmpeg -i shot03.mkv -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=704:560:8:4,vidstabtransform=input=s03.trf:smoothing=25" -c:v ffv1 -c:a copy shot03_s.mkv
```

दोन्हीत `bwdif` आणि `crop` अगदी सारखेच हवेत, नाहीतर मोजमाप एका चित्राचं आणि दुरुस्ती दुसऱ्याची होते. `parity` म्हणजे कोणतं फील्ड आधीचं; ती चुकली तर कळतं कसं? एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा. ढोल वाजवणाऱ्याचा हात दोन पावलं पुढे, एक मागे असा जात असेल तर `tff` च्या जागी `bff` लिहा. डीव्ही कॅमेऱ्यातून घेतलेल्या फाइलला बहुतेक वेळा `bff` च लागतं. आणि फाइल आधी शॉटनुसार तोडून घ्या. काकांनी जिथे जिथे रेकॉर्डिंग थांबवलं त्या जागी अखंड फाइलवरचं मोजमाप गोंधळतं आणि शॉट बदलायच्या आधीच चित्र घसरायला लागतं.

तिसरी चूक: सगळं पुसून टाकायचा हट्ट

`smoothing=25` म्हणजे मागच्यापुढच्या मिळून 51 फ्रेमची सरासरी, सेकंदाला 50 फ्रेम असताना जेमतेम एक सेकंद. मी हौसेने 100 केलं. चित्र खांबासारखं स्थिर झालं, पण मधूनच उगाच धूसर व्हायचं आणि परत नीट व्हायचं. हाताला झटका बसला त्या क्षणी शटर उघडं होतं, त्यामुळे चित्र फरपटलं आणि तो फरपटा चित्रातच आहे. हालचाल काढली तरी फरपटा राहतो, उलट कारण दिसेनासं झाल्यामुळे जास्त खटकतो. शिवाय मोठी हालचाल काढायची तर चित्र मोठं करावं लागतं, आणि व्हीएचएसमध्ये मोठं करण्याएवढा तपशीलच नसतो. मी परत 25 वर आलो. थोडं हललेलं बरं वाटतं; मिरवणूक आहे ती.

तारखेचा घोळ वेगळाच. `29 9 93` हे आकडे फ्रेमला चिकटलेले आहेत, दृश्याला नाही. दृश्य स्थिर झालं की आकडे नाचायला लागतात. ते कापून टाकले तर आम्हाला हवी असलेली गोष्टच जाते. शेवटी तारीख असलेला पहिला शॉट फक्त फील्ड सुटी करून, अस्थिरच ठेवला. पुढे काकांनी तारीख बंद केली होती, ते शॉट स्थिर केले.

आणि चौकट

704×576 ची फाइल चौकोनी पिक्सेलची नसते. ती 768×576 म्हणून दाखवायची, आणि वरखाली कापल्यावर आमची 704×560 झाली 768×560. एचडी टाइमलाइनवर दोन्ही बाजूंना काळं सोडा. पडदा भरायला ताणलं तर गणपतीबाप्पांसकट सगळी इमारत बुटकी दिसते. आमच्या पहिल्या कटमध्ये ती तशी दिसली, आणि काकांनी विचारलं, "मी तेव्हा एवढा जाड होतो?"