नववीला गुणोत्तर पाककृतीतून शिकवताय? या चुका टाळा

नववीच्या गणित भाग १ मधलं ‘गुणोत्तर व प्रमाण’ पाककृतीवरून शिकवायचं ठरलं की पहिलं उदाहरण बहुतेक वेळा ‘चार जणांचं प्रमाण आठ जणांसाठी करा’ असंच दिलं जातं. इथेच पहिली चूक होते. दुप्पट करणं चौथीतल्या पोरालाही जमतं. उत्तर बरोबर येतं आणि मूल गुणतंय की नुसतं अंदाजाने वाढवतंय, हे आपल्याला कळतच नाही.

त्याऐवजी इडली घ्या. तांदूळ ३ वाट्या, उडीद डाळ १ वाटी. तांदूळ ५ वाट्या घेतले तर डाळ किती? काही हात हमखास ‘३ वाट्या’ म्हणत वर होतात. तांदूळ दोनने वाढले, म्हणून डाळही दोनने वाढवली. अशा वेळी लगेच तिरकस गुणाकार दाखवू नका. त्याने उत्तर सुधारतं, समज तशीच राहते. त्याच मुलाला त्याचाच नियम उलटा चालवायला सांगा. तांदूळ एकने कमी करून २ वाट्या घेतले, तर डाळ किती? शून्य! बिनडाळीची इडली ऐकून वर्ग हसतो आणि बेरजेचा नियम मुलं स्वतःच सोडून देतात. मग १ वाटी तांदळाला १/३ वाटी डाळ, ५ वाट्यांना ५/३, म्हणजे पावणेदोन वाटीला जरा कमी, हे त्यांना पटतं.

याच तासाला एक उलटा प्रश्नही टाका. कुकरमधल्या १६ इडल्यांना वाफेवर १२ मिनिटं लागतात, तर ४ इडल्यांना किती? ‘३ मिनिटं’ असं उत्तर आलं तर समजा, की आता मूल दिसेल तिथे प्रमाण लावतंय. वेळ इडलीच्या जाडीवर ठरते, संख्येवर नाही.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. सरबतात सिरप आणि पाणी १:३. एकूण ६ लिटर सरबत करायचं, तर सिरप किती? पुष्कळ मुलं ६ चा एक तृतीयांश काढून २ लिटर सांगतात. इथे ‘चूक’ म्हणण्याआधी पाणी किती ते विचारा. ४ लिटर. मग २:४ म्हणजे १:२ झालं, १:३ कुठे राहिलं? भाग चार आहेत, त्यातला एक सिरपचा. म्हणून सिरप दीड लिटर, पाणी साडेचार. पुस्तकातली योग क्रिया इथेच शिकवावी, असं माझं मत आहे. सिरप/पाणी = १/३ असेल तर (सिरप + पाणी)/पाणी = ४/३. नुसत्या a, b, c, d वर ही क्रिया पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरते. सरबतात (a + b) म्हणजे अख्खं भांडं असतं.

पुढची गफलत दोन मिश्रणं एकत्र करताना होते. एका जगात १:३ चं १२ कप सरबत, दुसऱ्यात १:२ चं १२ कप. दोन्ही एकत्र ओतली तर? मुलं वरचे आकडे वर, खालचे खाली मिळवून २:५ म्हणतात. प्रत्यक्ष कप मोजायला लावा. पहिल्यात सिरप ३, पाणी ९. दुसऱ्यात ४ आणि ८. एकूण ७:१७. गुणोत्तरांची बेरीज करायची नसते, वस्तूंची करायची असते.

आता दुसरा जगही १:३ चाच घ्या, पण ८ कपांचा: सिरप २, पाणी ६. एकत्र केल्यावर ५:१५, म्हणजे पुन्हा १:३. समान गुणोत्तरांचा सिद्धांत तो हाच. सारख्या चवीची दोन सरबतं मिसळली तर चव बदलत नाही, मग जग लहान असो की मोठा. चवी वेगळ्या असतील तर सिद्धांत लागू नाही. ही अट मुलं नेहमी विसरतात, म्हणून आधी ७:१७ चं उदाहरण द्यावं, सिद्धांत मागाहून.

एककांची चूक पकडायला नाशिकमध्ये द्राक्षबागेइतकं चांगलं उदाहरण नाही. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांनी घरी द्राक्षांवर फवारायचं बोर्डो मिश्रण पाहिलेलं असतं. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपाला मोरचूद किती? १५/१०० किलो, इथवर सगळे पोचतात. मग ०.१५ किलोचे कुणी १५ ग्रॅम करतं, कुणी दीड किलो. आधी १ किलोचे १००० ग्रॅम करून घ्या: १०० लिटरला १००० ग्रॅम, म्हणून लिटरला १० ग्रॅम आणि १५ लिटरला १५० ग्रॅम. चुनाही तेवढाच. हे गणित वहीतच सोडवा. वर्गात मोरचूद आणू नका.